पाहिलेले लिहावे, ठरवलेले नव्हे

इयत्ता आठवीच्या एका वर्गशिक्षिकेने शाळेच्या समुपदेशकांना पत्र लिहावयास घेतले. पहिल्या मसुद्यात एकच वाक्य होते: “हा विद्यार्थी नैराश्यग्रस्त झाला असून घरातील तणावामुळे एकलकोंडा बनला आहे.” वाक्य वाचताच त्यांनी स्वतःला विचारले, यातले प्रत्यक्ष पाहिलेले किती? नैराश्य हे निदान आहे आणि ते करण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञांचा. घरातील तणाव हा तर निव्वळ तर्क. रोजमेळात तर्काची रक्कम लिहीत नाहीत; ज्या दिवशी जे घडले तेवढेच नोंदवले जाते. त्यांनी तो कागद फाडला आणि हजेरीपट व स्वतःची वही समोर ठेवून पुन्हा लिहिले:

“दिवाळीच्या सुट्टीपूर्वी हा विद्यार्थी दुसऱ्या बाकावर बसत असे आणि गणिताच्या तासाला दोन-तीनदा तरी हात वर करीत असे. 17 नोव्हेंबरपासून तो आपणहून शेवटच्या बाकावर बसतो. त्यानंतर माझ्या तासाला त्याने एकदाही हात वर केलेला नाही. नाव घेऊन विचारल्यास उत्तर देतो व ते बहुधा बरोबर असते.

मधल्या सुट्टीत मी पाच दिवस वर्गाकडे लक्ष ठेवले. चार दिवस तो वर्गातच थांबला, तीन दिवस त्याने डबा उघडला नाही. सुट्टी संपून तास सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तो स्वच्छतागृहात जाण्याची परवानगी मागतो. असे दोन आठवड्यांत सहा वेळा घडले.

पहिल्या सत्रात तो एकच दिवस गैरहजर होता. या सत्रात 18 व 28 नोव्हेंबर आणि 2 व 12 डिसेंबर असे चार दिवस आला नाही. गृहपाठ पूर्ण व नीटनेटका असतो. चाचणीत पूर्वी 25 पैकी 21 गुण होते, आता 19 आहेत.

‘बाहेर का जात नाहीस?’ असे एकांतात विचारले असता तो म्हणाला, ‘काही नाही, बाई. मी इथेच बरा आहे.’ त्याच्या आईने दूरध्वनीवर सांगितले की, तो घरी येताच पोटभर जेवतो. हे मी ऐकलेले आहे, पाहिलेले नाही. मैदानावर व शाळेच्या बसमध्ये काय घडते, हे मला ठाऊक नाही. मी त्याला वर्गासमोर काही विचारलेले नाही, आणि या पत्राविषयी इतर शिक्षकांशी बोललेले नाही.”

पत्र पाकिटात बंद करून समुपदेशकांच्या हाती दिले गेले. त्यांनी चार तारखा वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या. दोन मंगळवार, दोन शुक्रवार. आणि शारीरिक शिक्षणाचे तास याच दोन वारी. सुट्टीत वर्गाबाहेर न पडणे, स्वच्छतागृह रिकामे झाल्यावरच तिकडे जाणे, शाळेत उघडला न जाणारा डबा आणि घरी मात्र शाबूत असलेली भूक, या साऱ्या नोंदी मनाच्या आजारापेक्षा एखाद्या जागेच्या किंवा व्यक्तीच्या भीतीकडे अधिक बोट दाखवीत होत्या. पहिला मसुदा पोहोचला असता, तर चौकशी घरापासून सुरू झाली असती आणि मैदान नजरेआड राहिले असते.

तरीही समुपदेशकांनी हा निष्कर्ष मानला नाही. तो तपासण्याचा प्रश्न मानला. मुलाशी सावकाश बोलणे, मधल्या सुट्टीत मैदानाकडे व स्वच्छतागृहाच्या वाटेवर शिक्षक ठेवणे, ही पहिली पावले ठरली. चार तारखा म्हणजे पुरावा नव्हे. ताप, पोटदुखी किंवा घरचे कार्य हेही कारण असू शकते, आणि भीतीच्या जोडीला नैराश्यही असू शकते. म्हणूनच न बदललेल्या गोष्टीही पत्रात लिहिणे महत्त्वाचे होते. नीटनेटका गृहपाठ आणि फारसे न घसरलेले गुण यांवरून बदल कुठे आहे व कुठे नाही, हे कळते.

अशा पत्रात ‘उदास’, ‘आळशी’, ‘हट्टी’ असे शब्द लेखणीतून सहज उतरतात. तो शब्द आला की ‘हे मी कशावरून म्हणतो?’ असे विचारावे. जे उत्तर येईल, ते पत्रात लिहावे. ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ यांच्या जागी वार, वेळ व किती वेळा हे लिहावे. निदान एकदा कागदावर आले की ते मुलाला वर्षानुवर्षे चिकटते. नोंद मात्र पुढच्या नोंदीने दुरुस्त होऊ शकते.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. मूल जीव नकोसा झाल्याचे बोलले, तसे लिहिलेले आढळले किंवा अंगावर इजेच्या खुणा दिसल्या, तर दोन आठवडे नोंदी करीत बसू नये. त्याला एकटे न सोडता त्याच घटकेस समुपदेशकांना व मुख्याध्यापकांना समक्ष सांगावे. पत्र मागाहून लिहिता येते.