उन्हाळी रोजा आणि मेलेली भूक

‘रमजान’ हा शब्द अरबीतल्या ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ तापणे, होरपळणे असा आहे. तरीही रमजान नेहमी उन्हाळ्यात येत नाही. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्याने हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ साली पहिला रोजा मेच्या मध्यावर होता, यंदा तो फेब्रुवारीत आला. त्यामुळे आपल्या घरांत एक गोष्ट आपोआप पाहायला मिळते. माणूस तोच, दस्तरखान तोच, उपवासही तोच. बदलतो तो फक्त ऋतू. आणि ऋतूबरोबर भूकही बदलते.

मे महिन्यातला इफ्तार आठवून पाहा. दिवसभर पोटात काही नाही, समोर ताट भरलेले, पण दोन खजूर आणि तीन ग्लास सरबत झाले की घास उतरत नाही. थंडीतल्या रोज्यात हाच माणूस बोटे चाटून जेवतो आणि वर खीरही मागतो. आपल्याकडे पहिल्या स्थितीला ‘अन्नावरची वासना गेली’ म्हणतात आणि घरातल्या बायका काळजीने आग्रह सुरू करतात: ‘दोन घास आणखी घे, नाहीतर उद्याचा रोजा कसा निघेल?’ माझे म्हणणे असे, की उन्हात भूक मंदावणे हा बहुतेकदा शरीराचा शहाणपणा असतो. आग्रह करून तो मोडू नये. पण एका बाबतीत मात्र ही मंद भूक जिवावर बेतू शकते, आणि नेमके तिकडे आपले लक्ष नसते.

आधी भूक का मरते ते पाहू. अन्न पचवणे हे काम आहे आणि कामातून उष्णता निघते. मिश्र जेवणातल्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा पचनातच उष्णता होऊन जातो. प्रथिनांच्या बाबतीत हे प्रमाण वीस ते तीस टक्के असते, तुपातेलाच्या बाबतीत अगदी थोडे. समजा, इफ्तारला कोणी ७०० कॅलरी खाल्ल्या. म्हणजे पुढच्या काही तासांत सुमारे ७० कॅलरींची जादा उष्णता अंगात तयार होणार. स्वस्थ बसलेला माणूस तासाभरात जेवढी उष्णता निर्माण करतो, जवळपास तेवढीच ही. हवा अंगापेक्षा गार असेल तर ती सहज बाहेर जाते. पण पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो, आणि एवढी उष्णता घालवायला साधारण सव्वाशे मिलिलिटर घाम अंगावर वाळावा लागतो. अर्धा कप पाणी, असे म्हणू. एरवी ही रक्कम किरकोळ आहे. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसाला ती किरकोळ नसते.

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जॉन ब्रोबेक यांनी १९४८ मध्ये हाच विचार मांडला होता: प्राणी ऊब राखण्यासाठी खातात आणि अंग फार तापू नये म्हणून खाणे थांबवतात. त्याच्या आदल्या वर्षी जॉन्सन आणि कार्क यांनी वेगवेगळ्या हवामानातल्या सैनिकांचा आहार मोजून प्रसिद्ध केला. हवे तेवढे खायची मुभा असताना वाळवंटातला सैनिक दिवसाला सुमारे ३१०० कॅलरी खात होता, तर ध्रुवाजवळच्या बर्फातला सुमारे ४९००. हा सगळा फरक भुकेचाच म्हणता येणार नाही, कारण थंडीत जड कपडे वागवत हालचाल करायलाही ऊर्जा लागते. पण कल कोणत्या दिशेने आहे, हे त्यातून स्पष्ट दिसते.

दुसरे कारण रक्ताचे. गरमीत शरीर रक्त कातडीकडे वळवते, म्हणजे उष्णता बाहेर पडेल. जेवल्यावर मात्र तेच रक्त आतड्यांना हवे असते. रक्त काही दुप्पट होत नाही, म्हणून उन्हात पचनाच्या वाट्याला कमी येते. अन्न पोटात रेंगाळते, जड वाटते, मळमळते. यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळी करून आलेल्या कामगाराला भज्यांचे ताट नकोसे वाटते ते यामुळे. स्नायू, कातडी आणि आतडी अशा तिघांची मागणी त्याच्या अंगात एकाच वेळी असते.

तिसरे कारण पाण्याचे, आणि रोज्यात हेच सर्वांत मोठे. घामाने रक्तातले पाणी कमी झाले की मेंदू तहान वाढवतो आणि भूक दाबतो. अन्न पचवायला आतड्यांत पाणी सोडावे लागते; पाणीच अपुरे असताना शरीर ते खर्चायला तयार नसते. त्यात मराठवाड्यात मे-जूनमधला रोजा साडेचौदा तासांच्या पुढे जातो, थंडीत तो साधारण सव्वाबारा तासांचा असतो. म्हणजे पाण्याविना जास्त तास, आणि तेही जास्त उन्हाचे.

यात वेळेचीही भर पडते. माणसाच्या अंगाचे तापमान दिवसभर सारखे नसते. ते संध्याकाळच्या सुमारास सर्वाधिक असते आणि पहाटे सर्वांत कमी. उन्हाळ्यात मगरिबच्या वेळी भिंती अजून तापलेल्या, अंगही दिवसातले सर्वांत गरम, आणि आपण नेमके तेव्हाच दिवसातले सर्वांत मोठे जेवण मांडतो.

म्हणूनच खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, नमाज पढायची आणि मग जेवायला बसायचे, ही सुन्नत मला फार नेमकी वाटते. त्या मधल्या वेळात प्यायलेले पाणी रक्तात उतरू लागते आणि दबलेली भूक डोके वर काढते. आपण मात्र हे अंतरच पुसून टाकले आहे. अजान होताच भजी, समोसे आणि घट्ट गोड सरबत एकदम पोटात जाते. तेलकट अन्न आणि दाट साखर दोन्ही पोट रिकामे व्हायला उशीर लावतात, आणि मग ‘भूकच लागत नाही’ अशी तक्रार होते. उन्हाच्या दिवसांत इफ्तार हलका ठेवावा: पाणी, खजूर, फळे, पातळ ताक किंवा दालीचे सूप. हलीम, कबाब, गोश्त हे प्रथिनांचे जेवण तरावीहनंतर, हवा उतरल्यावर मांडावे. तेव्हा तोच माणूस न सांगता जेवतो.

शरीराला ऊन अंगवळणीही पडते. आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि भूक काही अंशी परतते. त्यामुळे उन्हाच्या पहिल्या झटक्यात ती सर्वाधिक मरते. यंदाच्या रमजानची सुरुवात गार पहाटेने झाली आणि शेवटचे रोजे मार्चच्या वाढत्या उन्हात आहेत. पहिल्या आठवड्यात चवीने जेवणारे घरातले वडीलधारे शेवटच्या आठवड्यात ताटावरून लवकर उठतील, हे गृहीत धरावे.

आता ती जिवावरची बाब. बासष्ट वर्षांच्या एका गृहस्थांची कल्पना करा. मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी अनेक वर्षे चालू आहे. डॉक्टरांनी रमजानच्या सुरुवातीला गोळीची मात्रा ठरवून दिली, तेव्हा ते सहरीला दोन चपात्या, अंडे आणि दही खात होते. ऊन वाढले, रात्रभर उकाडा राहिला, भूक मेली. आता सहरी म्हणजे अर्धी चपाती आणि चहा. गोळी मात्र तीच, तेवढीच. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, आणि माणूस किती जेवला हे ती पाहत नाही. दुपारी तीनच्या सुमारास हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम येतो, बोलणे असंबद्ध होते. घरचे म्हणतात, ‘ऊन लागलंय, पडू द्या जरा.’ ते पडून राहतात, आणि साखर आणखी खाली जात राहते.

ऊन बाधणे आणि साखर उतरणे यांची लक्षणे इतकी सारखी असतात, की डोळ्यांनी फरक करता येत नाही. तो बोटातल्या रक्ताच्या एका थेंबाने कळतो. साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बहुसंख्य उलेमांनी सांगितले आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडावा, असा वैद्यकीय मार्गदर्शक नियम आहे. मीटर हाताशी नसेल तर आधी साखरेचे पाणी द्यावे, मीटरचा शोध नंतर. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआननेच सूरह बकरामध्ये दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

म्हणून जेवण निम्म्यावर आले, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. मात्रा स्वतःच्या मनाने कमी करू नये आणि जुनीच रेटूही नये. आपल्याकडे रमजानआधी औषधांच्या वेळा विचारून घेण्याची सवय आता रुजली आहे. पण ‘ऊन वाढून जेवण घटले तर काय करायचे?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो त्याच भेटीत विचारून ठेवावा.

उन्हाने गेलेली भूक आणि आजाराने गेलेली भूक ओळखायची कशी? उन्हाची भूक गारव्यात परत येते. पोटभर पाणी झाले, अंघोळ झाली, रात्रीची हवा सुटली, की ती काही तासांत हजर होते. आभाळ भरून आले तर दुसऱ्याच दिवशी. गारव्यातही ताट नकोसे वाटत असेल, असे आठवडाभर चालले असेल, कपडे सैल होत असतील किंवा लघवी गडद आणि कमी होत असेल, तर उन्हाला दोष देऊन थांबू नये. म्हाताऱ्या माणसांत तहानेची जाणीवच बोथट झालेली असते, त्यामुळे ते पाणीही मागत नाहीत. इफ्तार ते सहरी या वेळात त्यांच्या हातात मोजून ग्लास देणारे कोणीतरी घरात असावे. जेवणाचा आग्रह करण्यापेक्षा हे काम जास्त गरजेचे आहे.