फराळाच्या डब्यात भाडेवाढ नको

"आपणास व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. तसेच डिसेंबरपासून भाडे ५०० रुपयांनी वाढेल याची नोंद घ्यावी."

एका भाडेकरूला त्याच्या घरमालकाने खरंच असा मेसेज पाठवला. वर पणतीचं चित्र, खाली भाडेवाढ. आता त्याने "धन्यवाद काका, तुम्हालाही शुभेच्छा" लिहिलं, तर वाढ मान्य केली असं होतं. गप्प बसला, तर ऐन सणात साधं उत्तरही दिलं नाही म्हणून उद्धट ठरतो. बिचाऱ्याने दोन दिवस विचार करून हात जोडलेली इमोजी टाकली.

मंडळी, भाडं वाढवण्याला माझी ना नाही. पण समजा भाडं ६,५०० आहे, अनामत २०,००० आणि अकरा महिन्यांचा करार ३० नोव्हेंबरला संपतोय. मग हे बोलणं दसरा झाला की लगेच करा, समोरासमोर. पाच टक्के वाढ म्हणजे ६,८२५. पटलं तर नवा करार, नाही पटलं तर भाडेकरूला दुसरी खोली बघायला महिना-सव्वा महिना मिळतो. ठरलेलं एका वेगळ्या मेसेजमध्ये लिहून ठेवा. मग लक्ष्मीपूजनाला "सर, वहिनींना आणि मुलांना दिवाळीच्या शुभेच्छा" एवढंच पाठवायचं. खाली दुसरी ओळ नको.

भाडेकरूंनाही हेच लागू. चकल्यांचा डबा हातात ठेवता ठेवता "काका, या महिन्याचं जरा पुढेमागे होईल हं" म्हणणारे कमी नाहीत. काका सणासुदीला काय बोलणार? त्यापेक्षा भाड्याच्या तारखेआधीच कळवा: "पगार १० तारखेला आहे, ११ ला भाडं जमा करतो." आणि ११ ला खरंच करा. मग फराळ फराळासारखा लागतो.

उलट्या टोकाचा गोडवाही महागात पडतो. सणाच्या भरात "घर तुमचंच आहे, हवं तितके दिवस राहा" असं लिहिणारे मालक मी पाहिलेत. करार मात्र तोंडी! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. मग तो प्रेमळ मेसेज कुणाच्या कामी येईल ते सांगायला वकील नको.

यंदा दिवाळीच्या आत करार संपणारे कोण कोण आहेत? आधी तारीख बघा, मग पणतीचं चित्र शोधा. आणि हो, भाडेकरूचा फराळाचा डबा रिकामा परत करू नका. दोन लाडू टाका, भाड्याची पावती वेगळी द्या.