कैकेयीला क्षमा : निरूपणातून घरापर्यंत

चातुर्मासात गावोगावच्या मंदिरांत प्रवचनमाला लागतात, आणि त्यांतील एक दिवस बहुधा क्षमा या विषयाला येतो. प्रवचनकार भगवद्गीतेतील दैवी संपत्तीचे गुण सांगतात, क्षमा हे वीराचे भूषण असल्याचे बजावतात, एखादी डोळ्यांत पाणी आणणारी कथा सांगतात आणि आरती होते. समोर बसलेल्यांपैकी एखादा गृहस्थ सख्ख्या भावाशी चार वर्षे बोललेला नसतो. तो डोळे पुसतो, प्रसाद घेतो आणि भावाच्या दारावरून मान खाली घालून घरी जातो. दोष त्या गृहस्थाचा नाही. उद्या सकाळी नेमके काय करावे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

कुटुंबातील क्षमेवर बोलावयाचे असेल तर आधार कोणता घ्यावा, हा प्रवचनकाराचा पहिला विचार. सुभाषितांची माळ घरगुती वैराला पुरत नाही. तेथे घरातच घडलेला अन्याय, तोही आईसारख्या व्यक्तीकडून झालेला, आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट वर्षानुवर्षे दाखवणारी कथा लागते. ती वाल्मीकींच्या रामायणात आहे. राम आणि कैकेयी यांची कथा सर्वांना पाठ असते. पण क्षमेच्या दृष्टीने तिच्यातील जी चार स्थळे महत्त्वाची आहेत, त्यांतील तीन प्रवचनांत क्वचितच ऐकू येतात.

पहिले स्थळ गंगेच्या पलीकडचे. सुमंत्राला निरोप दिल्यावर वनातील पहिली रात्र येते. एका वृक्षाखाली राम लक्ष्मणाजवळ मन मोकळे करतो. कैकेयी कौसल्येला आणि सुमित्रेला त्रास देईल, कदाचित विषही घालील, अशी भीती तो बोलून दाखवतो. पित्याच्या दुबळेपणावरही त्याचे शब्द कडवट आहेत. अयोध्येत शांतपणे वल्कले नेसणारा राम येथे दुखावलेल्या मुलासारखा बोलतो. पुष्कळ प्रवचनकार हा प्रसंग गाळतात. मर्यादापुरुषोत्तमाच्या तोंडी तो शोभत नाही, असे त्यांना वाटत असावे. वास्तविक श्रोत्याला सर्वांत मोठा दिलासा येथेच मिळतो. रामालाही पहिल्याच रात्री क्षमा साधली नाही. मात्र तो बोलला ते एकांतात आणि एकाच विश्वासू माणसापाशी. अयोध्येच्या राजमार्गावर त्याने हे शब्द उच्चारले नव्हते.

दुसरे स्थळ चित्रकूटाचे. भरत पादुका घेऊन परत निघतो तेव्हा राम त्याला स्वतःची आणि सीतेची शपथ घालून सांगतो की कैकेयी मातेचे रक्षण कर, तिच्यावर रोष धरू नकोस. यातील क्रम पाहण्यासारखा आहे. आईविषयी प्रेम वाटू दे, असे राम म्हणत नाही. तिची काळजी घे, असे म्हणतो. भरताचे मन त्या वेळी आईविषयी संतापाने भरलेले होते आणि भावना आज्ञेने बदलत नाही. कृती मात्र आज्ञेने करता येते.

तिसरे स्थळ पंचवटीचे, म्हणजे आपल्या नाशिकजवळचे. हेमंतातील पहाटे तिघे गोदावरीवर स्नानाला निघालेले असतात. लक्ष्मण भरताची स्तुती करता करता कैकेयीवर घसरतो. असा पती आणि असा पुत्र असताना ही बाई इतकी क्रूर कशी झाली, असे तो विचारतो. राम त्याला तेथेच थांबवतो. मधल्या आईची निंदा नको, भरताच्याच गोष्टी सांग, एवढेच त्याचे म्हणणे. तो कैकेयीचे समर्थन करीत नाही, लक्ष्मणाला उपदेशही करीत नाही. बोलण्याचे वळण फक्त बदलतो.

चौथे स्थळ युद्धकांडाच्या अखेरीस येते. रावणवधानंतर दशरथ दिव्य रूपात दर्शन देतो. रामाचे मागणे असे की ‘पुत्रासह तुझा त्याग करतो’ हे जे शब्द आपण कैकेयीला उद्देशून उच्चारलेत, ते तिला आणि भरताला बाधू नयेत. दशरथ ते मान्य करतो. चौदा वर्षांनी रामाने घरातील एका वडीलधाऱ्याचे जुने शब्द मागे घ्यायला लावले. आणि ही चौदा वर्षे त्याने पूर्ण वनातच काढली, हेही विसरता कामा नये. क्षमा केली म्हणून वचनाचा हिशेब पुसला गेला नाही.

आता ही स्थळे एका घरात उतरवून पाहावीत. उदाहरणासाठी वडिलांच्या मागे वाटणी झालेले दोन भाऊ घेऊ. आई थोरल्याकडे राहते. वाटणीच्या दिवशी मामांच्या देखत थोरला धाकट्याला ‘चोर’ म्हणाला आणि तेव्हापासून अबोला आहे. प्रवचनाला धाकटा आलेला आहे. त्याला ‘दादाला क्षमा कर’ असे सांगणे म्हणजे एका दमात चौदा वर्षे चालायला सांगणे होय. प्रवचनकाराने त्याच्या हाती या आठवड्यापुरते, एवढेच द्यावे.

त्याच रात्री त्याने आपले दुखणे एका वाक्यात कागदावर लिहावे. ‘दादा पहिल्यापासून असाच आहे’ हे वाक्य कामाचे नाही. त्यात माणूस आहे, घटना नाही. ‘वाटणीच्या दिवशी दादा मला मामांसमोर चोर म्हणाला’ हे वाक्य चालेल. क्षमा घटनेला करता येते. सबंध माणसाला करू पाहिली की ती कुठूनच सुरू होत नाही. हे वाक्य हवे तर पत्नीला किंवा एका मित्राला ऐकवावे, पण एकालाच. ही झाली गंगेकाठची रात्र. पुढचे चार दिवस पंचवटीचा नियम पाळावा. जेवणाच्या वेळी मुलांसमोर काकांचा विषय निघाला तर वाद न घालता बोलणे दुसरीकडे वळवावे. हे ऐकायला सोपे वाटते. घरोघरचा अनुभव असा की याच नियमावर पहिल्या दोन दिवसांत माणूस घसरतो, कारण ती निंदा हीच त्या घरातील एकमेव सामायिक करमणूक होऊन बसलेली असते.

आणि गुरुवारी चित्रकूटाची कृती. धाकट्याने थोरल्याला फोन करावा, नाहीतर पुतण्याकरवी निरोप धाडावा : ‘दादा, आईला डोळे तपासायला या वेळी मी नेतो. शनिवारी सकाळी नऊला येऊ का?’ बस, इतकेच. वाटणीचा उल्लेख नाही, माफीची मागणी नाही आणि ‘तुम्हाला वेळ मिळत नाहीच, म्हणून’ असे शेपूटही नाही. या शेपटानेच बहुतेक निरोप वाया जातात. थोरल्याने होकार दिला तर आईला न्यावे, आणावे आणि उंबऱ्यावरूनच परतावे. चहाला थांबवले तरच थांबावे. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर आठवड्याचे काम तरीही पुरे झाले असे समजावे. समोरच्याच्या प्रतिसादावर अवलंबून असलेली पायरी आठवड्याच्या मुदतीत बांधता येत नाही. मामांना मध्ये घालून ‘चोर’ हा शब्द मागे घेण्याची गोष्ट पुढची आहे. ती दशरथाच्या प्रसंगासारखी शेवटी यावी. पहिल्याच आठवड्यात मामांना बोलावले तर पुन्हा पंचायत भरेल.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. श्रोत्यांमध्ये मार खाणारी सून असते, दारुड्या मुलाला वारंवार पैसे देणारी आई असते. रामाची कथा ऐकून त्यांनी सर्व सोसावे, असा अर्थ निघाला तर निरूपण घातक ठरते. त्यासाठी महाभारताच्या वनपर्वातील प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद जोडून द्यावा. द्रौपदी तो युधिष्ठिराला ऐकवते. सदैव क्षमाही बरी नव्हे आणि सदैव कठोरपणाही बरा नव्हे, हा प्रल्हादाचा निर्णय. ज्याने पूर्वी उपकार केले, त्याचा मोठा अपराधही पोटात घालावा. अजाणता घडलेले सोडून द्यावे, पण खरोखर अजाणता घडले का, हे तपासून. पहिला अपराध कोणाचाही असो, क्षमा करावी. दुसरा लहान असला तरी शासनास पात्र. आणि जाणूनबुजून करून ‘नकळत झाले’ म्हणणाऱ्याला तर सोडूच नये. प्रवचनकार बहुधा युधिष्ठिराने पुढे गायिलेली क्षमेची थोरवी तेवढी उचलतात आणि द्रौपदीचा अर्धा भाग सोडून देतात. घरात हात उचलला जातो तेथे पहिली पायरी सुरक्षित जागी जाण्याची. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगायला हरकत नसावी.

हीच गोष्ट बहिणीच्या हिश्शाची. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. भाऊबीज गोड व्हावी म्हणून हक्कसोडपत्रावर सही कर, असे सांगणारे नातेवाईक क्षमेचीच भाषा वापरतात. सही करणे न करणे हा तिचा निर्णय. त्याचा रागलोभाशी संबंध जोडू नये. हिस्सा घेऊनही भावाला ओवाळता येते, हे प्रवचनकाराने एकदा तरी मोठ्याने म्हणावे.

सांगण्याच्या पद्धतीतही काही पथ्ये आहेत. गावातले खरे भांडण, नाव न घेता का होईना, दृष्टान्त म्हणून वापरू नये. ऐकणारे सगळे तेव्हाच माना वळवून त्या घरच्यांकडे पाहतात. दोघा भावांना व्यासपीठावर बोलावून गळाभेट घडवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. टाळ्या वाजतात, छायाचित्र निघते आणि घरी गेल्यावर ‘मला लोकांसमोर वाकवले’ ही नवी तक्रार जुनीत भर घालते. तासाभराच्या निरूपणात चारही स्थळे सविस्तर सांगण्याचा अट्टहासही नको. चित्रकूट आणि पंचवटी यांना वेळ द्यावा, बाकीची दोन ओझरती आली तरी चालेल. शेवटची दहा मिनिटे मात्र आठवड्याच्या पायरीसाठी राखून ठेवावीत आणि ती दोनदा सांगावी.

निरूपण पोहोचले की नाही, हे श्रोत्यांच्या अश्रूंवरून ठरत नाही. पुढच्या आठवड्यात प्रारंभीच विचारावे की कागदावर ते एक वाक्य कितीजणांनी लिहिले. कोणाविषयी, काय, हे विचारू नये. सव्वाशे श्रोत्यांत सात-आठ हात वर आले, तर त्या दिवशी नवा विषय न घेता पंचवटीचाच प्रसंग पुन्हा घ्यावा आणि जेवणाच्या ताटावर कोण कोठे घसरले, त्यावर बोलावे.