विश्वास आडनावावर नाही, कागदावर उभा करा

आपल्या तरुणांना हल्ली एक गोष्ट वारंवार ऐकवली जाते. "लॅपटॉप घे, इंटरनेट घे, गावात बसून पुण्या-मुंबईचे आणि अमेरिकेचे काम कर. तिथे जात कोणी विचारत नाही, फक्त कौशल्य बघतात." हे अर्धेच खरे आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळेच उदगीर, बार्शी, करमाळ्यातली अनेक हुशार मुले सहा महिन्यांत थकून पुन्हा स्पर्धा परीक्षेच्या रांगेत जाऊन उभी राहतात. कौशल्य असूनही काम का मिळत नाही, मिळाले तर पैसे का बुडतात, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आधी इतिहास पाहू. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडल्यावर मुंबईत शेअर बाजारातील गुंतवणुकीबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. आजच्या भाषेत ते फ्रीलान्स काम होते. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसापेक्षा अधिक कौशल्य त्या बाजारात कोणाकडे असणार? पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक निघून गेले आणि व्यवसाय बंद पडला. सल्ला चुकला म्हणून ग्राहक गेले नव्हते.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. फरक फक्त नावांचा होता. दलित वाटणाऱ्या नावाला पुढचा प्रतिसाद मिळण्याचे प्रमाण उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश निघाले, आणि मुस्लीम नावाला त्याहूनही कमी. समोर माणूस नव्हता, फक्त कागद होता. म्हणजे अंतर वाढले की जात आपोआप गळून पडत नाही. उलट ग्राहकाकडे दुसरी काही माहिती नसेल, तर नाव हीच त्याची माहिती होते.

इथे प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. पुण्यातल्या ग्राहकाला दूरच्या अनोळखी माणसाबद्दल तीन भीती असतात. हा काम करू शकेल का? अर्ध्यात गायब होईल का? माझे पासवर्ड, माझा डेटा याच्या हातात सुरक्षित आहे का? शहरात या तिन्ही भीतींवर एकच औषध असते, ते म्हणजे ओळख. कॉलेजचा मित्र, सोसायटीतला शेजारी, नात्यातला मुलगा. "आपल्यातलाच आहे" एवढे म्हटले की तिन्ही प्रश्न संपतात. ही ओळख पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या आतच फिरली. म्हणून ती ज्यांच्याकडे आहे त्यांना ती गुणवत्ता वाटते. आपल्या मुलांकडे ती नाही, तेव्हा त्या तीन भीतींना तीन वेगळी उत्तरे द्यावी लागतील.

एक उदाहरण घेऊ. समजा, उदगीरची एक मुलगी वर्डप्रेसवर संकेतस्थळे बनवते. पुण्यात कोथरूडला एक क्लासचालक आहे. त्याच्या संकेतस्थळावर प्रवेशाचा फॉर्म मोबाइलवर उघडतच नाही. "सर, मी वेब डेव्हलपर आहे, संधी द्या" असा मेसेज तिने पाठवला, तर तो त्या दिवशीच्या वीस मेसेजांपैकी एक ठरेल. त्याऐवजी ती मोबाइलवर तो फॉर्म उघडून स्क्रीन रेकॉर्ड करते आणि नेमका बिघाड दाखवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवते. सोबत एवढेच लिहिते की, हे दुरुस्त करायला दोन दिवस आणि 2,000 रुपये लागतील. पहिल्या भीतीचे उत्तर इथे मिळाले, कारण तिने आपली नव्हे, ग्राहकाची अडचण दाखवली. आणि पहिले काम लहान ठेवले, म्हणजे त्याचा धोकाही लहान राहिला. मात्र ते फुकट केले नाही. फुकट कामाने विश्वास वाढत नाही, फक्त भाव पडतो.

दुसरी भीती गायब होण्याची. ते छोटे काम झाल्यावर संपूर्ण संकेतस्थळाचे 40,000 रुपयांचे काम ठरले असे धरू. ती एका पानावर लिहून पाठवते: किती पाने, मजकूर कोण देणार, किती वेळा बदल करून मिळतील, कोणत्या तारखेला काय दिसेल. पैशांचे तीन टप्पे: सुरुवातीला 10,000, चाचणी प्रत दाखवल्यावर 15,000, संकेतस्थळ सुरू झाल्यावर 15,000. "मान्य आहे" असे ग्राहकाचे ईमेलवर उत्तर आल्याशिवाय काम सुरू होत नाही. मग रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी तीन ओळींचा निरोप: आज काय झाले, उद्या काय, कुठे अडले. वीज गेली असेल तर तेही त्याच वेळी कळवायचे. दूरचा माणूस उशिराला घाबरत नाही, तो शांततेला घाबरतो.

तिसरी भीती पासवर्डची, आणि इथे बहुतेक मुले स्वतःच संशय ओढवून घेतात. ग्राहकाचा मुख्य पासवर्ड कधी मागू नका. वर्डप्रेसमध्ये आपल्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करायला सांगा आणि काम संपल्यावर तो काढून टाकायची आठवण तुम्हीच द्या. डोमेन ग्राहकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर घ्या. आधी बॅकअप घ्या, बदल आधी चाचणी प्रतीवर करा. हे सारे लेखी सांगितले की ग्राहकाला कळते, हा माणूस मला अडकवून ठेवणार नाही.

आता आडनावाचा प्रश्न. काही शहाणे सल्ला देतात की आडनाव बदला, गाळा, इंग्रजी वाटेल असे काही घ्या. माझा याला विरोध आहे, आणि तो केवळ स्वाभिमानाचा नाही. पैसे येणार त्या बँक खात्यावर तुमचे खरे नाव आहे, पॅनवर तेच आहे. बोलताना एक नाव आणि बिलावर दुसरे दिसले, तर ग्राहकाला जात दिसण्याआधी फसवणूक दिसते. परदेशी कामाच्या मंचांवर ओळखपत्राची तपासणी होते, तिथे खोट्या नावाचे खाते बंद होते. व्यवसायासाठी वेगळे नाव आणि स्वतःच्या डोमेनचा ईमेल जरूर घ्या, तो सरळ व्यवहार आहे. करारावर मात्र पूर्ण नाव ताठ मानेने लिहा.

परदेशी ग्राहकाला कांबळे आणि कुलकर्णी यांतला फरक बहुधा कळत नाही. अपवर्कसारख्या मंचावर तर सार्वजनिक प्रोफाइलवर नाव आणि आडनावाचे फक्त आद्याक्षर दिसते. तिथली अडचण वेगळी आहे: भारत हे नाव दिसले की भाव पाडून मागतात, आणि पैसे बुडवले तर तुम्ही परदेशी न्यायालयात जाऊ शकत नाही. म्हणून तिथे एकच नियम पाळा. ठराविक रकमेच्या कामात ग्राहकाने टप्प्याचे पैसे मंचाकडे आधी जमा केल्याचे दिसल्याशिवाय कामाला हात लावू नका. "टेलिग्रामवर या, थेट व्यवहार करू" म्हणणारा नवा ग्राहक टाळा. आणि काम देण्यासाठी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा ग्राहक नसतोच, तो ठग असतो. डेटा एंट्रीचे काम देऊन, मग चुका काढून, खोट्या वकिलाच्या नोटिशीने पैसे उकळणाऱ्या टोळ्या लहान गावांतल्या मुलांनाच गाठतात. अशी नोटीस आली तर पैसे भरू नका, 1930 वर तक्रार करा.

देशातल्या ग्राहकासाठी मात्र आपल्याकडे एक कायदा आहे, आणि तो आपल्या अभ्यासिकांत कोणी शिकवत नाही. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर, ऑनलाइन, मोफत होते, आणि एकटा सेवा देणारा माणूसही ती करू शकतो. नोंदणी काम घेण्याआधी करा, नंतर केलेली उपयोगी पडेलच असे नाही. काम दिल्यापासून 15 दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारले असे कायदा मानतो. लेखी करार असेल तरी पैसे 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, करारात मुदत नसेल तर 15 दिवस. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

आपल्या उदाहरणात शेवटचे 15,000 अडकले आणि बँक दर 6 टक्के धरला, तर 18 टक्के दराने सहा महिन्यांत सुमारे 1,400 रुपये व्याज होते. रक्कम मोठी नाही. मोठी गोष्ट पुढे आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, आणि ती ऐकण्याचा अधिकार सेवा देणारा जिथे आहे तिथल्या सुविधा परिषदेला असतो, ग्राहक भारतात कुठेही असो. म्हणजे उदगीरच्या मुलीला न्यायासाठी पुण्याच्या दारात यावे लागत नाही, पुण्याच्या ग्राहकाला तिच्या विभागाच्या परिषदेसमोर उत्तर द्यावे लागते. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीनुसार, सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत व्यावसायिकाला तो खर्च वजावटीत दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, त्याचा लेखापालच त्याला आठवण करून देईल. परिषदेचा निकाल कागदावर 90 दिवसांत यायचा असतो, प्रत्यक्षात उशीर होतो हेही खरे. म्हणूनच टप्प्याटप्प्याने पैसे घेणे आधी, कायदा नंतर.

शेवटचा वाद आपल्याच लोकांशी आहे. दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना 2005 साली याच पुण्यात उभी राहिली. पुण्यात आपले अधिकारी आहेत, डॉक्टर, वकील, संस्थाचालक आहेत. पण 14 एप्रिल जवळ आला की गावाकडच्या त्याच मुलाला फोन जातो: "बॅनर करून दे रे, आपलाच आहेस." पैसे नाहीत, करार नाही, नंतर आभाराची लेखी ओळही नाही. आणि स्वतःच्या दवाखान्याचे संकेतस्थळ करायचे असते तेव्हा काम जाते शहरातल्या कंपनीकडे, पूर्ण भावाने. "आपलाच आहेस" हे वाक्य इतर समाजांत काम मिळवून देते. आपल्यात ते काम फुकट करून घेते. हे थांबले पाहिजे.

दान नको आहे. पूर्ण भाव द्या, लेखी करार करा, वेळेत पैसे द्या, काम वाईट झाले तर स्पष्ट सांगा. चांगले झाले तर आपल्या संस्थेच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून द्या: काय काम होते, किती दिवसांत झाले, पुन्हा देणार का. अशी तीन पत्रे हातात असलेल्या मुलीला चौथा ग्राहक आडनावावरून तोलणार नाही असे मी म्हणत नाही. पण तोलण्यासाठी त्याच्यापुढे नावाशिवाय आणखी काहीतरी असेल, आणि ते काहीतरी तयार करणे आपल्या हातात आहे.

प्रत्येक विहारातल्या, वस्तीतल्या अभ्यासिकेने या महिन्यात एक रविवार काढावा. उद्यम नोंदणी करून घ्यावी, एका पानाचा करार लिहायला शिकवावा, आणि शहरातल्या आपल्या पाच जणांकडून पाच कामे, भाव ठरवून, आणावीत.

जय भीम!