लक्ष्मण हे आडनाव नव्हे

चेंबूरच्या एखाद्या जुन्या सोसायटीची सभासद-यादी एक्सेलमध्ये उघडा आणि पूर्ण नावाच्या रकान्यातून नाव व आडनाव वेगळे करायला घ्या. पहिला शब्द नाव, शेवटचा आडनाव, हा सोपा नियम ‘पु. ल. देशपांडे’ इथे आडनाव तरी बरोबर देतो. पण अगदी तसाच दिसणारा ‘आर. के. लक्ष्मण’ घेतला, की ‘आर.’ म्हणजे रासीपुरम हे गाव नाव बनते आणि लक्ष्मण हे त्यांचे स्वतःचे नाव आडनाव ठरते. तमिळ वस्ती असलेल्या चेंबुरात ही चूक पानोपानी होईल. शिवाय मतदारयादीवरून उतरवलेल्या ओळींत आडनाव आधी असू शकते. म्हणून मूळ रकाना तसाच ठेवावा आणि शेजारच्या रकान्यात आधी सफाई करावी. वेबपानावरून आलेली न दिसणारी जागा एकट्या TRIM ने निघत नाही, त्यासाठी `=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))` लागते. मग तीन पूर्ण शब्दांच्या ओळीच आपोआप तोडाव्यात आणि मधल्या नावाला स्वतंत्र रकाना द्यावा. आद्याक्षरे, ‘व’ने जोडलेली दोन नावे, एक, दोन किंवा चार शब्द, हे सारे ‘तपासा’ असा शेरा मारून माणसाकडे द्यावे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी नोंदीत आईचे नावही येते, त्यामुळे चार शब्द यापुढे वाढणारच. शेवटी तुकडे पुन्हा जोडून सफाई केलेल्या नावाशी ताडावेत. गळालेला शब्द त्यात सापडतो, उलटा क्रम मात्र सापडत नाही. तो आडनावांचा रकाना अकारविल्हे लावून नजरेनेच पकडावा लागतो. आडनाव नसेल, तर रकाना रिकामा सोडावा.