स्टार्टअपचा पाच वर्षांचा महसुली अंदाज: आकडे हवेतले आहेत हे ओळखायचं कसं?

मार्च २०२१. कोरोनामुळे जगभरातली ऑफिसं ओस पडली होती. नेमक्या त्याच वेळी, ऑफिसची जागा भाड्याने देणारी अमेरिकेची वीवर्क ही कंपनी शेअर बाजारात उतरण्याची तयारी करत होती. गुंतवणूकदारांना दाखवलेल्या कागदपत्रांत कंपनीने म्हटलं होतं की, २०२० मध्ये सुमारे ३.२ अब्ज डॉलर असलेला महसूल २०२४ पर्यंत ७ अब्ज डॉलरवर जाईल.

प्रत्यक्षात काय झालं? २०२२ मध्येही महसूल ३.२ अब्ज डॉलरच्या आसपासच होता. आणि ज्या २०२४ सालासाठी ७ अब्ज डॉलरचं स्वप्न दाखवलं होतं, ते उजाडण्याआधीच म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

यातली खरी गोष्ट अशी की, गडबड ओळखायला २०२३ पर्यंत थांबायची गरज नव्हती. ती २०२१ च्या कागदातच दिसत होती. २०२० च्या अखेरीस वीवर्कच्या फक्त ४७ टक्के जागा भरलेल्या होत्या. कंपनीचं म्हणणं होतं की २०२२ च्या अखेरीस हे प्रमाण ९० टक्क्यांवर जाईल. पण कोरोनाच्या आधी, धंदा जोरात असतानाही ते ८० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे संकटातून नुसतं सावरायचं नव्हतं, तर चांगल्या दिवसांतही जे जमलं नव्हतं ते दोन वर्षांत करून दाखवायचं होतं. २०२२ च्या अखेरीस प्रत्यक्ष आकडा निघाला ७५ टक्के.

वीवर्क 'स्पॅक' नावाच्या मार्गाने बाजारात आली. आधीच बाजारात नोंदलेल्या, पण स्वतःचा धंदा नसलेल्या कंपनीत विलीन व्हायचं, असा हा मार्ग. अमेरिकेत नेहमीच्या आयपीओमध्ये कंपन्या भविष्यातल्या महसुलाचे आकडे द्यायला कचरतात, कारण ते चुकले तर कोर्टकचेरीची भीती असते. स्पॅकमध्ये मात्र असे आकडे सर्रास दिले जात होते. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने नियम बदलून स्पॅकच्या अंदाजांना मिळणारं कायदेशीर संरक्षण काढून घेतलं.

पण एखाद्या मित्राच्या स्टार्टअपमध्ये पैसे घालताना, किंवा पगार कमी घेऊन त्याबदल्यात कंपनीचे शेअर स्वीकारताना कुठलाही नियामक मदतीला येत नाही. तिथे समोर असते फक्त एक एक्सेल शीट. ती वाचायची कशी, हे एका उदाहरणातून समजून घेऊ.

शेवटच्या वर्षापासून उलटं वाचा

समजा, पुण्यात घरगुती जेवणाचे डबे पोहोचवणारं एक अ‍ॅप आहे. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण अशा योजनांचा साचा साधारण असाच असतो. महिन्याला ३ हजार रुपये भरायचे आणि रोज दुपारचा एक डबा मिळवायचा. योजनेत पाच वर्षांचा महसूल असा दाखवलाय: पहिल्या वर्षी ६० लाख, मग २.४ कोटी, ७.२ कोटी, १८ कोटी आणि पाचव्या वर्षी ३६ कोटी.

बहुतेक जण हे आकडे डावीकडून उजवीकडे वाचतात. पहिलं वर्ष पटतं, दुसरं जमेल असं वाटतं आणि बघता बघता ३६ कोटीही पटून जातात. म्हणून सुरुवात शेवटच्या आकड्यापासून करायची आणि रुपयांचं रूपांतर माणसांमध्ये करायचं.

एक ग्राहक महिन्याला ३ हजार, म्हणजे वर्षाला ३६ हजार रुपये देतो. ३६ कोटींना ३६ हजारांनी भागलं की उत्तर येतं १० हजार. म्हणजे पाचव्या वर्षी सरासरी १० हजार ग्राहक रोज पैसे देऊन डबा खात असले पाहिजेत. आता प्रश्न 'महसूल किती वेगाने वाढतोय' असा उरत नाही. तो होतो: रोज दुपारी १० हजार डबे कोण बनवणार, कोण पोहोचवणार आणि एवढे ग्राहक येणार कुठून?

'फक्त १ टक्का' हा हिशोब का फसवा?

ग्राहक कुठून येणार याचं उत्तर योजनेत असं दिलंय: 'शहरात १० लाख संभाव्य ग्राहक आहेत. त्यातले आम्हाला फक्त १ टक्का हवेत.' ऐकायला हे अगदी नम्र वाटतं. पण १ टक्का हा आकडा कुठल्याही अनुभवातून आलेला नाही. १० हजार ग्राहक हवेत हे आधी ठरलं आणि मग ते छोटे दिसावेत असा बाजार शोधला गेला. बाजार २० लाखांचा धरला असता तर 'फक्त अर्धा टक्का' म्हणता आलं असतं. ग्राहक मात्र तेवढेच मिळवावे लागले असते.

पटेल असा हिशोब खालून वर जातो. जाहिरातीवर किती खर्च केला, त्यातून किती लोकांनी अ‍ॅप उघडलं, कितींनी पहिल्या महिन्याचे पैसे भरले आणि पुढच्या महिन्यात कितींनी पुन्हा भरले? धंदा सहा महिने जुना असला तरी याची उत्तरं त्याच्याकडे असतात. नसतील, तर पाच वर्षांचा अंदाज कशावर उभा आहे हा पहिला प्रश्न.

सोडून जाणाऱ्यांचा हिशोब कुठे आहे?

सगळ्यात मोठी चूक बहुधा इथे सापडते. डब्याचे ग्राहक टिकून राहत नाहीत. विद्यार्थी परीक्षा संपली की गावी जातात, कुणाची नोकरी बदलते, कुणाला चवीचा कंटाळा येतो.

समजा, कंपनीच्या नोंदी सांगतात की जूनमध्ये आलेल्या १०० ग्राहकांपैकी नोव्हेंबरमध्ये ५९ उरले. म्हणजे दर महिन्याला साधारण १० टक्के गळती. हाच वेग राहिला तर वर्षभराने त्या शंभरातले फक्त २८ शिल्लक राहतील.

आता योजनेकडे पुन्हा पाहू. चौथ्या वर्षाच्या शेवटी ७,५०० ग्राहक आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी १२,५००. वाढ ५ हजारांची. एक नवा ग्राहक मिळवायला ८०० रुपये लागतात, म्हणून योजनेत जाहिरातीसाठी ४० लाख रुपये ठेवलेत. वरवर सगळं जुळतं.

पण सरासरी १० हजार ग्राहकांपैकी दर महिन्याला १० टक्के, म्हणजे १ हजार जण सोडून जाणार. वर्षाला १२ हजार. ५ हजारांची वाढ दाखवायची, तर आधी ही १२ हजारांची जागा भरावी लागेल. एकूण १७ हजार नवे ग्राहक आणि खर्च ४० लाख नव्हे, तर १ कोटी ३६ लाख रुपये.

४० लाखांत काय होईल? महिन्याला सुमारे ४१७ नवे ग्राहक येतील. पाचव्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात ७५० जातील आणि ४१७ येतील. ग्राहक वाढणार तर नाहीतच, उलट कमी होत होत ४,१७० च्या आसपास येऊन थांबतील, कारण तिथे येणारे आणि जाणारे सारखे होतात. दरमहा येणाऱ्या नव्या ग्राहकांना गळतीच्या प्रमाणाने भागलं की धंद्याची कमाल मर्यादा कळते. ४१७ भागिले ०.१० म्हणजे ४,१७०. एवढा एक भागाकार ३६ कोटींच्या रकान्याचा निकाल लावतो.

सगळे पैसे कंपनीचेच आहेत का?

योजनेच्या तळाशी एक ओळ आहे: डब्याच्या किमतीतले ८० टक्के स्वयंपाक करणाऱ्या महिलांना मिळतील. म्हणजे ३ हजारांतले २,४०० रुपये कंपनीच्या हातातून फक्त पुढे जातात. तिची स्वतःची कमाई ६०० रुपये. त्यामुळे ३६ कोटी ही झाली अ‍ॅपवरची एकूण उलाढाल. कमिशनवर चालणाऱ्या या धंद्याचा महसूल ७.२ कोटी. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले की धंदा पाचपट मोठा दिसतो.

आता पोहोचवण्याचा खर्च. जेवणाच्या दीड-दोन तासांत एक मुलगा २५ डबे देऊ शकतो, असं योजनेतच लिहिलंय. १० हजार डब्यांसाठी अशी ४०० मुलं लागतील. प्रत्येकाला महिन्याला १५ हजार रुपये धरले तर वर्षाचे होतात ७.२ कोटी. कंपनीची सगळी कमाई इथेच संपते. पगार, ऑफिस आणि जाहिरात अजून बाकीच आहे.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. एका ग्राहकामागे कमाई ६०० रुपये आणि डबा पोहोचवायचा खर्चही ६०० रुपयेच. ग्राहक १०० असोत की १० हजार, हे गणित तसंच राहतं. 'मोठे झालो की नफा होईल' हे वाक्य इथे लागू पडत नाही. त्यासाठी एका मुलाकडून जास्त डबे पोहोचायला हवेत किंवा डिलिव्हरीचे वेगळे पैसे घ्यायला हवेत. 'एक मुलगा ५० डबे देईल' असं कुणी म्हणालं, तर मुंबईचे डबेवाले आठवावेत. सुमारे ५ हजार जण रोज दीड-दोन लाख डबे पोहोचवतात, असं सांगितलं जायचं. म्हणजे माणशी ३० ते ४०. त्यामागे लोकलचं जाळं आणि शतकभराहून अधिक काळात बसलेली घडी होती.

मग विचारायचं काय?

अंदाज चुकला म्हणजे संस्थापक खोटारडा, असं नाही. पाच वर्षांनंतरचं कुणालाच अचूक सांगता येत नाही. काही धंदे अंदाजाच्या पुढेही जातात. शिवाय गळती कायम सारखी राहत नाही. सहा महिने टिकलेला ग्राहक सहसा लवकर जात नाही, त्यामुळे वरची ४,१७० ची मर्यादा थोडी वरही सरकू शकते.

पण ती सरकेल असं म्हणणाऱ्याने पुरावा दाखवायला हवा. जानेवारीत आलेल्या ग्राहकांपेक्षा जूनमध्ये आलेले जास्त टिकले का, हे नोंदींमधून लगेच कळतं. त्यानंतर शीटमध्ये गळती १० टक्क्यांऐवजी ५ आणि १५ टक्के टाकून पाहायला सांगावं. ५ टक्क्यांवर मर्यादा दुप्पट होते, १५ वर ती २,८०० च्याही खाली येते. आणि आकडा बदलूनही महसुलाची ओळ हललीच नाही, तर समजावं की ती ओळ हिशोबातून आलेली नाही. ती हाताने टाइप केलेली आहे.