‘शुद्ध आयुर्वेदिक’ कॅप्सूल आणि हृदयाची गोळी

रस्त्याकडेच्या तंबूत किंवा ऑनलाइन दुकानात मिळणारी ‘शक्तिवर्धक’ कॅप्सूल घेतली आणि पाऊण तासात परिणाम दिसला, तर खूश होण्याआधी थोडे थांबा. जडीबुटीचा असा तासाभरात गुण येत नाही. त्यासोबत चेहरा लाल होणे, डोके दुखणे, नाक चोंदणे असे काही झाले, तर त्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल किंवा त्याच्या जातीचे औषध मिसळलेले असण्याची दाट शक्यता आहे.

ही नुसती शंका नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या 2007 ते 2016 या काळातील नोंदींत भेसळ सापडलेली 776 पूरक उत्पादने होती. त्यातली जवळजवळ निम्मी लैंगिक शक्तीसाठी विकली जाणारी होती आणि त्यांत सर्वाधिक आढळले ते सिल्डेनाफिलच. डिसेंबर 2023 मध्ये याच कारणावरून अ‍ॅमेझॉनलाही इशारापत्र गेले.

सिल्डेनाफिल हे मुळात वाईट औषध नाही. डॉक्टर ते तपासणी करून, साधारणपणे 50 मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि दिवसातून एकदाच घ्यायला सांगतात. पुडीतल्या कॅप्सूलमध्ये ते किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

समजा, 58 वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांना अँजायनाचा त्रास आहे आणि छातीत दुखले की ते जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून त्यांनी रात्री कॅप्सूल घेतली. श्रमाने छातीत दुखू लागले, म्हणून नेहमीची गोळी ठेवली. सॉर्बिट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थ शरीरात वाढतो, तर सिल्डेनाफिल तो पदार्थ नष्ट होऊ देत नाही. दोन्ही एकत्र आल्यावर रक्तदाब एकदम कोसळतो, घाम फुटतो, शुद्ध हरपते. आधीच अरुंद असलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना रक्त कमी पडून झटकाही येऊ शकतो. घरच्यांना वाटते, हृदयविकारच बळावला.

म्हणून अशी कॅप्सूल घेतली असेल आणि छातीत दुखू लागले, तर सॉर्बिट्रेट घेऊ नका. चक्कर येत असेल तर आडवे व्हा आणि 108 ला फोन करा. डॉक्टरांना कॅप्सूलविषयी आणि ती घेतल्याची वेळ सांगा, पुडी सोबत न्या. सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास, टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट देत नाहीत. पुडीत यांपैकी काय आहे हे कळत नसल्याने डॉक्टर जास्तीचाच काळ धरतात. पत्नीसमोर सांगायची लाज वाटत असेल, तर तिला बाहेर थांबवायला सांगा. आम्हाला त्याची सवय आहे.

तेलांचे संकट वेगळे. काहींत बधिर करणारे औषध असते, त्यामुळे जळजळ किंवा जखम वेळीच जाणवत नाही आणि जोडीदारालाही बधिरता येते.

आणखी एक. ताठरता कमी होणे ही कधी कधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, कारण तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने आधी अरुंद होतात. कॅप्सूलने तक्रार झाकली, तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायचे राहून जाते.